Tr 40×14 P7 : चिन्हातली लीड, पिच आणि गाभ्याचा व्यास

टर्नर आणि फिटर मंडळींमध्ये सध्या फिरत असलेला दावा असा : «ट्रॅपेझॉइडल स्क्रूवर Tr 40×14 P7 लिहिले असेल तर 40 हा बाहेरचा व्यास, 14 ही पिच आणि P7 हा टॉलरन्स. आट्याची खोली पिचच्या निम्मी, म्हणजे 7, म्हणून गाभा 26. शंका असेल तर शेजारच्या दोन आट्यांमधले अंतर मोजा, चिन्हातली दुसरी संख्या मिळेल. जितके स्टार्ट जास्त तितका गाभा बारीक, म्हणून जड कामाला मल्टिस्टार्ट स्क्रू घेऊ नये.»

या दाव्यातला 40 तेवढा बरोबर आहे. बाकीच्या विधानांना एकेक करून उत्तर देणे भाग आहे, कारण जळगाव, धुळे, भुसावळ या पट्ट्यातल्या लहान वर्कशॉपांमध्ये मूळ ड्रॉइंग क्वचितच हाती येते. झिजलेला स्क्रू आणि एक चिन्ह एवढ्यावरच नवा स्क्रू लेथवर चढतो, आणि चिन्ह चुकीचे वाचले गेले की चांगला ईएन-8 पोलादाचा गज भंगारात जातो.

प्रथम चिन्हाचे वाचन पाहू. मेट्रिक ट्रॅपेझॉइडल आट्यांचे आंतरराष्ट्रीय मानक, आणि आपल्याकडचे त्याला समांतर असलेले आयएस 7008, यांच्या पद्धतीत गुणिले चिन्हानंतरची संख्या ही लीड असते, म्हणजे नट एका पूर्ण फेऱ्यात जितका सरकतो ते अंतर. P अक्षरानंतरची संख्या ही पिच असते, म्हणजे शेजारच्या दोन शिरांमधले अंतर. म्हणून येथे लीड 14, पिच 7, आणि लीडला पिचने भागल्यावर येणारे 2 हे स्टार्ट, म्हणजे शेजारीशेजारी चालणारे स्वतंत्र आटे. हा भागाकार पूर्णांकातच आला पाहिजे. Tr 40×14 P4 असे काही कोणी लिहून आणले तर साडेतीन स्टार्ट होत नाहीत, तेव्हा लिहिणाऱ्याकडे परत जावे हेच योग्य.

गोंधळाचे मूळ एकेरी स्टार्टच्या चिन्हात आहे. Tr 40×7 मध्ये लीड आणि पिच एकच असल्यामुळे P वेगळा लिहीत नाहीत, आणि वर्षानुवर्षे हीच चिन्हे वाचलेल्या माणसाला गुणिले चिन्हानंतरची संख्या म्हणजे पिच अशी सवय लागते. 40 व्यासासाठी मानकात 3, 7 आणि 10 या पिच दिलेल्या आहेत. 14 त्यांत नाही, आणि एवढ्यावरूनही वाचणाऱ्याने थबकायला हवे.

P7 ला टॉलरन्स समजण्यामागेही एक कारण आहे, आणि ते अगदीच बिनबुडाचे नाही. साध्या भोकांच्या फिटमध्ये P7 हा वर्ग खरोखर आहे. बुश दाबून बसवायच्या कामात तो ड्रॉइंगवर दिसतो. आट्यांच्या टॉलरन्समध्ये मात्र अंक आधी येतो आणि अक्षर नंतर : स्क्रूला 7e किंवा 8e, नटाला 7H किंवा 8H. शिवाय तो छोट्या आडव्या रेषेनंतर लिहिला जातो. पूर्ण चिन्ह Tr 40×14 P7 - 7e असे असेल, आणि आटे डावे असतील तर त्यात LH ही अक्षरे येतील.

आता गाभ्याचा, म्हणजे खाचेच्या तळाशी उरणारा व्यास, जो या दाव्याचा सर्वांत महागात पडणारा भाग आहे. आट्याचा आकार, म्हणजे त्याची खोली, शिरेची रुंदी आणि तळाची रुंदी, हे सर्व पिचवर ठरते. लीडचा त्याच्याशी संबंध नाही. तीस अंशांच्या या आट्यात स्क्रू आणि नट एकमेकांत जितके शिरतात ती उंची पिचच्या निम्मी असते, पण तळाशी मोकळीक ठेवण्यासाठी स्क्रूची खाच त्याहून थोडी अधिक खोल कापावी लागते. ही मोकळीक पिच 2 ते 5 असेल तर 0.25 मिमी, 6 ते 12 असेल तर 0.5 मिमी, आणि 14 पासून पुढे 1 मिमी. म्हणून आपल्या स्क्रूची खोली 3.5 अधिक 0.5, म्हणजे 4 मिमी, आणि गाभा 40 मधून 8 वजा करून 32 मिमी. प्रत्यक्ष तयार स्क्रूत टॉलरन्समुळे तो किंचित कमी भरतो.

दाव्यातला 26 हा आकडा त्याच्या स्वतःच्या गृहीतकावरही टिकत नाही. पिच खरोखर 14 असती तर मोकळीक 1 मिमी धरून गाभा 24 आला असता. बाहेरच्या व्यासातून पिच वजा केल्यावर मिळतो तो नटाच्या भोकाचा व्यास. आपल्या उदाहरणात 40 वजा 7, म्हणजे 33. अनेक पाठ्यपुस्तकांत सोप्या गणितासाठी हेच सूत्र गाभ्यालाही वापरलेले असते आणि परीक्षेपुरते ते चालते. मात्र 33 च्या गाभ्याचे क्षेत्रफळ 855 चौरस मिमी आणि 32 च्या गाभ्याचे 804, म्हणजे पुस्तकी सूत्र स्क्रूला सुमारे सहा टक्के अधिक बळकट दाखवते. दाव्यातला 26 धरला तर क्षेत्रफळ 531 वर येते, आणि मग पुरेसा असलेला स्क्रूही हिशेबात नापास होऊन विनाकारण जाडजूड स्क्रू मागवला जातो.

कागदावरचा वाद ज्याला नको असेल त्याने लेथवर काय घडेल याचा विचार करावा. समजा, पाइपच्या लाइनीवर हॉल-ऑफचा, म्हणजे पाइप ओढून पुढे नेणाऱ्या यंत्राचा, वरचा पट्टा वर-खाली करणारा हा स्क्रू आहे आणि तो नवा करायचा आहे. योग्य रीत अशी की गिअरबॉक्स 14 च्या लीडवर लावायचा, पण टूल मात्र 7 च्या पिचचे घासायचे, म्हणजे तीस अंशांचे आणि टोकाला सुमारे 2.29 मिमी रुंद. पहिली खाच 4 मिमी खोल कापून झाली की कंपाउंड स्लाइड अक्षाला समांतर ठेवून टूल बरोबर 7 मिमी पुढे सरकवायचे आणि दुसरी खाच कापायची. स्लाइडची ढिलाई आधी एकाच दिशेने काढून घेतली नाही, तर एक शीर जाड आणि पुढची बारीक होते, आणि नट एकाच स्टार्टवर भार घेऊन लवकर झिजतो.

हेच दोन स्टार्ट कापताना पिच दाव्याप्रमाणे 14 धरली तर टूलचे टोक सुमारे 4.59 मिमी रुंद घासावे लागेल, आणि पूर्ण खोलीवर खाचेची वरची रुंदी 8.88 मिमी होईल. दोन खाचा मिळून 17.76 मिमी झाल्या, आणि त्या बसवायच्या आहेत 14 मिमीच्या लीडमध्ये. दुसरी खाच पहिलीची शीर खाऊन टाकील आणि 40 मिमीच्या बाहेरच्या व्यासावर शीर म्हणून काही उरणारच नाही. टूल घासण्याबाबत आणखी एक गोष्ट : गाभ्यापाशी या स्क्रूच्या आट्याचा कल सुमारे आठ अंश असतो, एकेरी स्टार्टच्या दुप्पट. टूलच्या पुढच्या बाजूची मोकळीक त्या हिशेबाने वाढवली नाही तर टूल बाजूने घासते आणि आट्याच्या पृष्ठावर ओरखडे दिसतात.

मोजण्याच्या सल्ल्याबद्दल. शेजारच्या दोन शिरांमधले अक्षाच्या दिशेतले अंतर ही नेहमी पिचच असते, स्टार्ट कितीही असोत. दहा पिचचे अंतर एकदम मोजून दहाने भागले तर चूक कमी राहते. आपल्या स्क्रूवर 70 मिमी येतील. आता ज्याने हा सल्ला मानला तो 7 मोजून Tr 40×7 अशी मागणी लिहील, वर्कशॉप प्रामाणिकपणे एकेरी स्क्रू करून देईल, आणि तो जुन्या गनमेटलच्या नटात शिरणार नाही. गाभा तोच, पिच तीच, टूलही तेच, तरी आट्याचा कल निम्मा असल्यामुळे नट अडतो. अशा वेळी दोष नटाला दिला जातो आणि नट घासायला घेतला जातो, हे आणखी वाईट.

लीड मोजायची असेल तर नटावर आणि स्क्रूवर खडूची खूण करून नट एक पूर्ण फेरा फिरवावा आणि तो किती सरकला ते मोजावे. नट हाताशी नसेल तर स्क्रू उजेडासमोर आडवा धरून त्याच्या वरच्या आणि खालच्या कडा पाहाव्यात. एकेरी स्टार्टमध्ये वरच्या शिरेसमोर खाली खाच येते, कारण अर्ध्या फेऱ्यात आटा अर्धी पिच सरकतो. दुहेरी स्टार्टमध्ये अर्ध्या फेऱ्यात तो पूर्ण पिच सरकतो, म्हणून शिरेसमोर शीर दिसते. तिहेरीत पुन्हा शिरेसमोर खाच येते, म्हणून एकेरी की तिहेरी हे या खुणेवरून ठरत नाही; त्यासाठी स्क्रूच्या टोकाशी आट्यांची सुरुवात किती ठिकाणी होते ते मोजावे. शिरेसमोर शीर येण्याचा दुहेरी स्टार्टमध्ये एक फायदाही आहे : खाचेसमोर खाच असल्याने पातळ धारेच्या व्हर्निअरने गाभा सरळ मोजता येतो, व्हर्निअर तिरपा धरावा लागत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा. Tr 40×7, Tr 40×14 P7 आणि तिहेरी Tr 40×21 P7 या तिन्हींचा गाभा 32 च आहे. एका फेऱ्यात 14 मिमीची चाल हवी असेल आणि ती एकेरी स्टार्टने मिळवायची ठरवली तर पिच 14 घ्यावी लागेल आणि गाभा 24 वर उतरेल. लांब स्क्रू दाबाखाली वाकण्याचा प्रश्न असेल तर तिथली ताकद व्यासाच्या चौथ्या घाताने घटते, म्हणून 32 वरून 24 वर येणे म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी ताकद उरणे. दुहेरी स्टार्ट घेतात तो नेमका हा गाभा वाचवण्यासाठी.

तरीही जड उभ्या भाराला मल्टिस्टार्ट जपून वापरावा हा सल्ला टाकाऊ नाही. त्याचे कारण मात्र गाभा नव्हे, आट्याचा कल आहे. मध्य व्यास 36.5 मिमी धरल्यास एकेरी स्टार्टचा कल सुमारे 3.5 अंश आणि दुहेरीचा सुमारे 7 अंश येतो. भार स्वतःहून खाली घसरू नये यासाठी कलाचा टॅन, येथे 0.122, हा घर्षण गुणांकाला 15 अंशांच्या कोसाइनने भागून येणाऱ्या संख्येपेक्षा कमी असावा लागतो. घर्षण गुणांक 0.12 असेल तर ती संख्या 0.124 येते, म्हणजे स्क्रू जेमतेम अडून राहतो. चांगले तेल मिळून गुणांक 0.10 झाला तर ती 0.104 होते आणि नट सुटतो. एकेरी स्टार्टचा टॅन 0.061 असल्याने तो दोन्ही वेळा अडून राहतो. यंत्राची थरथर चालू असताना तर जेमतेम अडलेल्या स्क्रूवर मुळीच विसंबू नये. हॉल-ऑफचा पट्टा दुहेरी स्क्रूवर असेल तर ब्रेक किंवा लॉकनट बसवावा, आणि तो बसवण्याची सोय नसेल तर एकेरी Tr 40×7 घेऊन हँडलचे फेरे दुप्पट फिरवण्याची तयारी ठेवावी. अशा बदलात नटही नवाच लागेल.