टीबीच्या गोळ्या चालू असताना “थोडीशी” घेतली तर काय होतं

मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते आणि टीबीच्या पेशंटना गोळ्या वेळेवर घेताय का हे बघणं माझ्या कामातच येतं. आज लिहिते आहे कारण गेल्या आठवड्यात परत एकाने विचारलं, आक्का, रविवारी एखादी क्वार्टर चालेल का, गोळी सकाळी घेतो की, दारू रात्री. हा प्रश्न मला वर्षातून कितीतरी वेळा येतो आणि दारात उभं राहून त्याचं उत्तर नीट देता येत नाही म्हणून इथं सविस्तर लिहिते.

पहिले दोन महिने ज्या गोळ्या असतात त्या एका गोळीत चार औषधं असतात, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल. यातल्या पहिल्या तिन्हीचा भार लिव्हरवर पडतो, त्यातही पायराझिनामाइडचा जास्त. बहुतेकांना काही होत नाही, लिव्हर सांभाळून घेतं. पण आयसोनियाझिड लिव्हरमध्ये मोडताना त्यातून थोडं विषारी काहीतरी तयार होतं, आणि रोज पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये ते विष तयार करणारी यंत्रणाच जोरात चालू असते, वर ते विष मारणारा शरीरातला साठा दारूने आणि उपासमारीने आधीच संपलेला असतो. म्हणून सकाळी गोळी रात्री दारू असं करून काही वाचत नाही, वेळ वेगळी असली तरी लिव्हर एकच आहे.

पण मला याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. लिव्हर बिघडायला लागलं की ते आधी सांगतं, भूक मरते, मळमळतं, उलटी होते, अंगात त्राण राहत नाही. न पिणारा माणूस हे झालं की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येतो. पिणाऱ्याला हे सगळं कालच्या दारूचंच वाटतं. त्याला रोज सकाळी असंच होत असतं ना, मग आजची मळमळ वेगळी आहे हे त्याला कळणार कसं, आणि घरच्यांनाही तेच वाटतं, प्यायलाय म्हणून जेवत नाही. म्हणजे शरीराने हाक मारली तरी ती ऐकू येत नाही.

माझ्याच एका पेशंटचं सांगते, त्यांना विचारून सांगते आहे, नाव घेत नाही. ट्रॅक्टर चालवतात, चाळीशीच्या आतले, वजन फक्त ४६ किलो, म्हणून त्यांना रोज तीन गोळ्या होत्या. जूनच्या मध्यात कोर्स सुरू झाला. सुरुवातीला ज्यांनी तपासलं त्यांनी दारूचं विचारलंच नाही, यांनीही सांगितलं नाही, मी विचारलं तर म्हणाले सोडली आक्का, आणि मी विश्वास ठेवला. ते माझं चुकलं, मी घरात वहिनींना वेगळं बाजूला घेऊन विचारायला हवं होतं.

मग आखाड आला. मटणाची जेवणं, मित्रमंडळी, तीन-चार दिवस सलग घेतली. पाचव्या आठवड्यात मी गेले तेव्हा म्हणाले दोन दिवस जेवण जात नाही, पित्त झालंय. लघवी लाल होते म्हणाले तर मी म्हटलं गोळीनेच होते, आणि ते खरंही आहे, रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होतेच, आम्हीच सुरुवातीला सांगतो घाबरू नका म्हणून. पण इथंच फसायला होतं. गोळीचा रंग गोळी घेतल्यावर काही तास गडद असतो, संध्याकाळपर्यंत फिका पडतो, आणि डोळे पांढरेच राहतात. काविळीची लघवी रात्रीसुद्धा कोऱ्या चहासारखी काळपट राहते आणि डोळ्याचा पांढरा भाग पिवळा होतो. त्या दिवशी मी त्यांना खिडकीपाशी उजेडात नेऊन खालची पापणी ओढून बघितली नाही. चार दिवसांनी बघितली तेव्हा हळद लावल्यासारखी होती.

आणि या चार दिवसांत घरच्यांनी काय केलं, तर कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. गळ्यात माळ, झाडपाल्याचा रस, तेल-हळद बंद. माळेवर माझा राग नाही, आपल्याकडे सगळेच नेतात, माझ्या आईनेही आम्हाला नेलं होतं. पण टीबीच्या गोळ्या तशाच चालू होत्या! ही काविळीची साथ नव्हती, कावीळ गोळ्या आणि दारू दोघांनी मिळून केलेली होती, म्हणजे जे आग लावत होतं तेच रोज सकाळी पोटात जात होतं. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबत नसल्या तर सगळ्या टीबीच्या गोळ्या थांबवायच्या आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा, ही एक गोष्ट तरी पेशंटच्या घरातल्या सगळ्यांनी पाठ करा.

मिरजेला नेलं. रक्ताच्या तपासणीत लिव्हर किती दुखावलंय ते एसजीपीटीच्या आकड्यावरून कळतं, ती साधारण चाळीसच्या आत पाहिजे, ती चारशेच्या वर होती. उलट्या आणि मळमळ असताना तिपटीच्या वर गेली तरी गोळ्या बंद करतात, यांची तर दहापट झाली होती. गोळ्या थांबवल्या, टीबी तसाच वाढू नये म्हणून लिव्हरला कमी लागणारी दुसरी औषधं दिली, आणि आकडा खाली आल्यावर एकेक करून जुनी परत सुरू केली, आधी रिफाम्पिसिन, काही दिवस बघून मग आयसोनियाझिड. पायराझिनामाइड परत दिलंच नाही. ते नसलं की सहा महिन्यांत काम भागत नाही, कोर्स नऊ महिन्यांपर्यंत लांबतो. चार दिवसांच्या आखाडाने तीन महिने वाढवले.

आता दुसरी बाजू, कारण नुसतं दारू वाईट म्हटलं की लोक आणखी एक चुकीची गोष्ट करतात. आज प्यायचंय ना मग आज गोळी नको, असं स्वतःच ठरवतात. गोळ्या अधूनमधून चुकल्या की जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग आणखी लांब, जड उपचार लागतात. म्हणून मी सगळ्यांना सांगते, घेतली असेल तर मला खरं सांगा, मी गावात बोलणार नाही, आपण डॉक्टरांना सांगून लिव्हरची तपासणी लवकर करून घेऊ. आणि जो रोज भरपूर पितो त्याने एका झटक्यात बंद केली की हात थरथरतात, फिट येऊ शकते, त्यानेही डॉक्टरांना सांगूनच सोडावी.

वहिनींनो, आणखी एक. दारू सोडवायची पावडर किंवा गोळी चहातून गुपचूप देऊ नका. त्यात बऱ्याचदा डायसल्फिराम असतं, आयसोनियाझिड चालू असताना त्याने माणूस भ्रमिष्टासारखा वागायला लागतो, तोल जातो, आणि वर दारू प्यायली तर जीवावर बेतू शकतं, शिवाय तेही लिव्हरला चांगलं नाही. ह्याच पेशंटच्या घरी मला चहाच्या डब्यामागे एक पुडी सापडली, कशात काय आहे ते लिहिलेलंही नव्हतं. वहिनी रडायला लागल्या, म्हणाल्या मी दुसरं काय करू. त्यांना मी काय रागावणार, बारा वर्षं सोसतायत. पुडी डॉक्टरांना दाखवली आणि आता व्यसनमुक्तीच्या ओपीडीला दोघं बरोबर जातात.

आता पायरीवर बसले की ते स्वतःच चष्मा काढून तोंड उजेडाकडे करतात, मी बघते, पांढरं आहे म्हणते, मग गोळ्या हातावर देते. मध्ये एकदा पाजली कुणीतरी, दोन घोट, लगेच दुसऱ्या दिवशी सांगितलं. अजून अडीच महिने आहेत. मंगळवारी परत लिव्हरची तपासणी आहे, सकाळच्या एसटीने मीही जाणार आहे बरोबर.