सहायक प्रकरणक, सहकारी संस्था

एम.ए.च्या चार सत्रांत एकाच विषयावर चार निबंध लिहून झाले की माणसाला एक गोड भास होतो. लघुप्रबंध जवळजवळ तयारच आहे, असा. माझा विषय चारही वेळा महिला बचत गट. पहिल्या निबंधात चळवळीचा इतिहास, दुसऱ्यात एका तालुक्यातल्या गटांची पाहणी, तिसऱ्यात बँकांचं कर्ज आणि चौथ्यात सक्षमीकरणाची सैद्धांतिक चर्चा. प्रत्येकी चार हजार शब्द. चार चोक सोळा हजार, आणि हवेत पंधरा हजार. म्हणजे चिकटवायचं, वर मुखपृष्ठ लावायचं आणि उरलेले हजार शब्द दानधर्म म्हणून सोडून द्यायचे. रविवारचं काम.

चिकटवून वाचायला घेतलं की पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे बचत गट चार वेळा जन्माला येतात. नाबार्डने १९९२ साली ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला, हे पान तीनवर येतं. ते पान चोवीसवर येतं, सत्तेचाळीसवर येतं आणि एकाहत्तरवर पुन्हा नव्या उत्साहाने येतं. बेरीज करणाऱ्या परीक्षकाच्या हिशेबी दोन हजार गट झाले. चारही ठिकाणी सुरुवात एकच: ‘महिला सक्षमीकरण ही काळाची गरज आहे.’ प्रत्येक निबंध स्वतंत्र पाहुण्यांसाठी लिहिलेला असतो, त्यामुळे प्रत्येकाने दारात उभं राहून पुन्हा ओळख करून देणं रास्तच होतं. आता पाहुणा एकच आहे आणि तो तीन महिन्यांपासून घरातच बसलाय.

म्हणून ‘एक निबंध म्हणजे एक प्रकरण’ हा हिशेब सोडून द्यावा लागतो. निबंध उभे कापायचे नसतात, आडवे कापायचे असतात. चारही प्रस्तावना एका फाइलमध्ये, चारही पूर्वसाहित्याचे आढावे दुसऱ्या, संशोधन पद्धतीचे परिच्छेद तिसऱ्या आणि चारही निष्कर्ष चौथ्या. मग प्रत्येक फाइलमध्ये जे दोनदा आलंय त्यातलं बरं ठेवायचं. हे करण्याआधी मात्र एका कागदावर एकच प्रश्न लिहून भिंतीला लावावा. माझा होता: ‘गटातलं अंतर्गत कर्ज आणि बँकेचं कर्ज यांचा वापर महिला वेगवेगळ्या कामांसाठी करतात का?’ ज्या परिच्छेदाला या प्रश्नाशी देणंघेणं नाही तो कितीही सुंदर असला तरी बाहेर. सोळा हजारांतले अकरा हजार उरले आणि दानधर्माचा बेत रद्द झाला. उरलेले चार हजार नव्याने लिहायचे, आणि तेही सगळ्यात अवघड जागी: पहिलं प्रकरण, शेवटचं प्रकरण आणि मधले सांधे.

कापाकापीच्या आधी मार्गदर्शकांची परवानगी घेणं मात्र विसरू नये. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य खपतं. १० ते ४० टक्क्यांत गेलं की विद्यार्थ्याला सुधारून पुन्हा सादर करायला सांगतात. तुमचा तिसऱ्या सत्रातला निबंध साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साठ्यात जाऊन बसला असेल, तर प्रबंध तपासताना चोर म्हणून तुमच्यासमोर तुम्हीच उभे राहता. कोणता भाग कोणत्या निबंधातून घेतला हे प्रास्ताविकात दोन ओळींत लिहून ठेवलं की ही ओळखपरेड सुसह्य होते.

आता शब्द. पहिल्या निबंधात ‘बचत गट’ आहे, दुसऱ्यात ‘स्वयंसहाय्यता गट’, तिसऱ्यात बँकवाल्यांच्या संगतीने ‘एसएचजी’ आणि चौथ्यात नुसतंच ‘गट’. वाचणाऱ्याला वाटतं, या चार वेगळ्या योजना आहेत. तर एकच शब्द ठरवायचा, पहिल्या प्रकरणात त्याची व्याख्या द्यायची आणि सगळीकडे तोच ठेवायचा. इथे मोह होतो ‘रिप्लेस ऑल’ दाबायचा. दाबावा, पण आधी फाइलची प्रत काढून.

‘गट’च्या जागी ‘बचत गट’ करा म्हटल्यावर यंत्राने मनापासून काम केलं. आधीचे ‘बचत गट’ होते त्यांचे ‘बचत बचत गट’ झाले. पंचायत समितीत ‘बचत गटविकास अधिकारी’ बसले. एका लाभार्थी बाईंची जमीन ‘बचत गट क्रमांक’मध्ये गेली. आणि गावाच्या वर्णनात ‘उघडी बचत गटारे’ वाहू लागली. गटारांची बचत ही कल्पना तशी वाईट नाही, पण माझ्या उद्दिष्टांत ती बसत नव्हती.

दुसरा प्रयोग ‘निबंध’च्या जागी ‘प्रकरण’ करण्याचा. ‘या निबंधात’चं ‘या प्रकरणात’ बिनबोभाट झालं. पण ‘हा निबंध तीन भागांत विभागला आहे’ याचं ‘हा प्रकरण तीन भागांत विभागला आहे’ झालं, कारण निबंध पुल्लिंगी आणि प्रकरण नपुंसकलिंगी. शब्द बदलला तरी ‘हा’ आणि ‘विभागला’ जागचे हलत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे सहकार खात्यात उलथापालथ झाली. सहायक निबंधकांचे ‘सहायक प्रकरणक’ झाले आणि जिल्हा उपनिबंधकांचे ‘जिल्हा उपप्रकरणक’. असं पद खरोखर असावं असं मला अजून वाटतं. पण मराठीत बदल एकेक करून, प्रत्येक ठिकाणी डोळ्यांनी बघूनच करावे लागतात. लिंग बदलणारा शब्द असेल तर आधीचे-नंतरचे चार शब्दही वाचावे लागतात.

आणि काही जोड्या बदलायच्याच नसतात. दुसऱ्या निबंधात ‘परतफेड’ होती, तिसऱ्यात ‘वसुली’. एकसारखेपणाच्या झपाट्यात मी सगळीकडे परतफेड केली. मग लक्षात आलं, की परतफेड बाई करते आणि वसुली बँक करते. ‘बँकेने परतफेड पूर्ण केली’ या वाक्याने बँकेला कर्जबाजारी केलं होतं. तेव्हा शब्दांची यादी करताना दोन रकाने ठेवावेत: एकात खरेखुरे समानार्थी, जसे सभासद आणि सदस्य, दुसऱ्यात फक्त एकसारखे दिसणारे. दुसऱ्या रकान्याला हात लावायचा नाही.

याच शोधाशोधीत एक भूत भेटतं. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शोधला तर अकरा ठिकाणी सापडला, आणि बाराव्या ठिकाणी तो डोळ्यांना दिसत असूनही यंत्र म्हणे नाही. कारण ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर खास ‘ऱ’ हे अक्षर असतं, दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोघं जुळे भाऊ, यंत्राला मात्र परके. चार निबंध चार कीबोर्डांवर लिहिले असतील तर दोन्ही मिळणारच. उपाय एवढाच: न सापडणारा शब्द मजकुरातूनच उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवायचा आणि त्याला दुसऱ्या तऱ्हेत बदलायचं.

आवाजाचंही तेच. पहिल्या सत्रात मी शिक्षकासारखा ‘आपण पाहणार आहोत’ म्हणत होतो, दुसऱ्यात ‘प्रस्तुत संशोधकाने’ अशी स्वतःलाच सलामी देत होतो आणि चौथ्यात थेट ‘मला वाटते’. चार माणसांनी एकाच माइकसमोर आळीपाळीने बोलावं तसं. मी ‘प्रस्तुत अभ्यासात’ हा सूर पकडला आणि बाकीच्यांना बसवलं. पाहणीचा निबंध मुळात आराखड्यातून वाढलेला, म्हणून त्यात ‘मुलाखती घेण्यात येतील’ अशी वाक्यं राहून गेली होती. पान तीसवर मुलाखती घेण्यात येतील आणि पान अठ्ठावीसवर त्यांचे निष्कर्ष. ‘येईल’, ‘येतील’, ‘जाईल’ हे तीन शब्द शोधले की असे बहुतेक भविष्यवेत्ते सापडतात.

खरी झोप उडाली ती आकड्यांनी. दुसऱ्या निबंधात ६० महिलांपैकी ४२ जणींनी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं होतं, म्हणजे ७० टक्के. तिसऱ्या निबंधाच्या वेळी दोन अर्ध्या भरलेल्या प्रश्नावल्या मी काढून टाकल्या, त्यातल्या एकीने कर्ज घेतलेलं. म्हणजे ५८पैकी ४१, आणि ७०.७ टक्के. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे, एका प्रबंधात मात्र शेजारी उभे राहून एकमेकांना खोटं पाडणारे. ५८ हा आकडा कायम करून पाहणीचे सगळे तक्ते नव्याने मोजणं, आणि ‘६० प्रश्नावल्या भरून घेतल्या, त्यांतल्या दोन अपूर्ण असल्याने वगळल्या’ हे पद्धतीच्या प्रकरणात एकदाच लिहिणं, एवढाच मार्ग. फक्त मजकुरातला ७०चा ७०.७ केला आणि तक्त्यात ४२ तसाच राहिला, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

तक्त्यांच्या क्रमांकांबद्दल थोडक्यात. चारही निबंधांत ‘तक्ता १’ होता, आणि हाताने लिहिलेला. हाताने सुधारत बसू नका. एक तक्ता हलला की मागचे सगळे पुन्हा. वर्डमध्ये प्रकरणांच्या शीर्षकांना Heading 1 ही शैली द्यायची, तिला बहुस्तरीय क्रमांक जोडायचे, मग Insert Caption मध्ये ‘तक्ता’ असं लेबल तयार करून Include chapter number वर खूण करायची. मजकुरातला उल्लेखही टाइप न करता Cross-reference मधून घालायचा. शेवटी Ctrl+A आणि F9 दाबलं की सगळे क्रमांक आपोआप जागेवर येतात. तळटिपांतले मात्र येत नाहीत. तिथे जाऊन पुन्हा दाबावं लागतं. मधेच एखादा तक्ता काढून टाकला असेल तर त्याच्या उल्लेखाच्या जागी Error! Reference source not found. उगवतं. छापण्याआधी Error! हा शब्द शोधायचा, कारण बांधणीवाला तो सोनेरी अक्षरांइतक्याच निष्ठेने बांधून देतो. आणि जुना मजकूर आणताना Keep Text Only वापरलंत तर कुरूप फॉन्ट जातात, पण त्यांच्यासोबत तळटिपाही जातात. त्या आधी मोजून ठेवाव्यात.

‘वरील तक्त्यावरून’ आणि ‘मागे पाहिल्याप्रमाणे’ ही वाक्यंही शोधावी लागतात. आडव्या कापणीनंतर वरील तक्ता दोन प्रकरणं खाली गेलेला असतो आणि मागे पाहिलेलं अजून पुढे यायचं असतं.

सगळं झाल्यावर मी ‘सत्र’ हा शब्द शोधला, सहज. पान ब्याण्णववर, सक्षमीकरणाच्या चर्चेच्या ऐन रंगात सापडला: ‘या मुद्द्याचा सविस्तर विचार पुढील सत्रात करण्याचा मानस आहे.’