दुहेरी नमुना: पन्नास, ऐंशी आणि शंभर

वाचकाची प्रतिक्रिया:
"सर, दुहेरी नमुन्याने सरासरी कमी डबे तपासावे लागतात हा तुमचा लेख वाचला, पण पटला नाही. आमच्या कॅनिंगमध्ये १२०० डब्यांच्या लॉटमधून ८० काढतो, दोनपर्यंत खराब असले तर पास, तीन निघाले की नापास. तुमच्या दुहेरी पद्धतीत ५० आणि परत ५०, म्हणजे १०० झाले. यात बचत कुठली? शिवाय जून लागला की गोडाऊनमधल्या थप्प्या एकदाच उतरवताना हमालांचे हाल होतात, दुसऱ्यांदा कोण उतरवणार? आणि नापास व्हायच्या लायकीच्या लॉटला दुसरी संधी द्यायचीच कशाला? सरासरी कागदावर ठीक असते. – एक वाचक, रत्नागिरी"

नमस्कार,

आपण आपल्या कामाचे नेमके आकडे दिलेत, त्यामुळे उत्तरही त्याच आकड्यांवर देता येईल. १२०० डब्यांच्या लॉटला सर्वसाधारण तपासणी पातळी दोन आणि स्वीकार्य गुणवत्ता पातळी १ टक्का धरली, तर आयएस २५०० या नमुना तपासणीच्या भारतीय मानकाच्या तक्त्यात एकेरी योजना आपलीच निघते: ८० डबे, दोनला पास, तीनला नापास. त्याच तक्त्यातली तिची दुहेरी जोडीदार अशी आहे. पहिले ५० डबे तपासावेत. एकही सदोष नसेल तर लॉट तिथेच पास, तीन किंवा अधिक असतील तर तिथेच नापास. एक किंवा दोन निघाले तरच आणखी ५० काढावेत आणि दोन्ही नमुने मिळून तीनपर्यंत सदोष असतील तर लॉट घ्यावा, चार झाले की नाकारावा. इथे सदोष म्हणजे सीमजवळ, झाकणाच्या जोडाजवळ, पोचा आलेला डबा, असे मी धरतो. फुगलेला किंवा गळणारा डबा या हिशेबात येतच नाही, कारण तसा एकही डबा खपवून घेण्याजोगा नसतो.

दुसऱ्या संधीचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. जो लॉट उघडच वाईट आहे त्याला या योजनेत दुसरी संधी नाहीच. पहिल्या ५० मध्ये तीन सदोष निघाले की विषय संपला. दुसरा नमुना फक्त अशा लॉटसाठी आहे ज्याच्याबद्दल ५० डब्यांवरून काहीच ठामपणे बोलता येत नाही. आपल्या एकेरी योजनेतही दोन सदोष डब्यांचा लॉट आपण पास करताच. तिथे ती सवलत एकाच खेपेत दिली जाते, म्हणून ती संधी वाटत नाही, एवढेच.

तरी एक गोष्ट लपवणे बरोबर नाही. माल किती सदोष असेल तर किती लॉट पास होतील हे दाखवणारे या दोन योजनांचे वक्र अगदी एकावर एक बसत नाहीत. लॉटमध्ये खरोखर १ टक्का सदोष डबे असतील, तर एकेरी योजना असे १०० पैकी साधारण ९५ लॉट घेते आणि दुहेरी ९७ ते ९८. प्रमाण २ टक्के असेल तर हेच आकडे ७८ आणि ८४ होतात, आणि ५ टक्क्यांना २३ आणि २६. म्हणजे दुहेरी योजना किंचित मऊ आहे, आणि खाली जी बचत दिसेल तिचा थोडा भाग या मऊपणाचा आहे. खरेदीदाराने कराराला एकेरी योजनेचा वक्र जोडला असेल, तर आपल्या मनाने दुसरी योजना लावू नये.

आता श्रमांकडे वळू. दुहेरी योजनेत ५० डबे नेहमीच तपासावे लागतात आणि पुढचे ५० फक्त तेव्हा, जेव्हा पहिल्या नमुन्यात एक किंवा दोन सदोष निघतात. म्हणून सरासरी नमुनासंख्या म्हणजे ५० अधिक, ५० गुणिले 'एक किंवा दोन निघण्याची शक्यता'. लॉटमध्ये १ टक्का सदोष असतील तर ५० डब्यांत एकही न निघण्याची शक्यता सुमारे ०.६०५, एक निघण्याची ०.३०५६ आणि दोन निघण्याची ०.०७५६ येते. शेवटच्या दोहोंची बेरीज ०.३८१, तिचे ५० पट १९, म्हणून सरासरी ६९ डबे. प्रमाण अर्धा टक्का असेल तर हीच सरासरी ६१ होते. २ टक्क्यांना ती ७८ वर जाते, ३ टक्क्यांच्या किंचित अलीकडे आपल्या कळसाला पोहोचते आणि तिथेही ८० च्या जरा आतच राहते. त्यापुढे ती उतरू लागते: ५ टक्क्यांना ७३ आणि १० टक्क्यांना ५५, कारण इतका वाईट माल पहिल्याच नमुन्यात उघडा पडतो. शंभर डबे एखाद्या लॉटला लागतात हे खरेच, पण कोणत्याही एका दर्जाच्या मालाची सरासरी ८० ओलांडत नाही. ही सरासरी दुसरा नमुना पूर्ण तपासला असे धरून काढलेली आहे. दुसऱ्या नमुन्यात एकूण चार झाल्यावर हात थांबवला तर ती आणखी थोडी घटते. पहिला नमुना मात्र दहाव्या डब्यालाच तीन सदोष सापडले तरी पुरा करावा, कारण आपल्या उत्पादनाचे सरासरी सदोष प्रमाण आपण याच पहिल्या नमुन्यांवरून काढतो, आणि अर्धवट सोडलेले नमुने त्या हिशेबात खोट आणतात.

सरासरी कागदावर ठीक असते, हे आपले म्हणणे माणसांच्या नेमणुकीपुरते खरे आहे. दिवसाला सहा लॉट येतात असे धरा. एकेरीत रोजचे ४८० डबे ठरलेले असतात. दुहेरीत १ टक्क्याच्या मालाला सरासरी ४१४ पडतात, पण सहापैकी चार किंवा अधिक लॉटना दुसरा नमुना लागला की त्या दिवशीचे काम ५०० च्या घरात किंवा वर जाते, आणि असा दिवस साधारण शंभरात पंधरा वेळा येतो. तपासनीस जर ६०० डब्यांच्या हिशेबाने रोज बसवून ठेवले, तर वाचलेले ६६ डबे त्यांच्या रिकाम्या बसण्यात जातात. त्या तासांत त्यांना लेबलिंगचे किंवा नोंदींचे काम देता येत असेल, तरच ही बचत हातात पडते.

थप्पीचा आपला मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि पुस्तकी हिशेबात तो नेमका गळतो. तीन किलोच्या पल्पचे सहा डबे एका खोक्यात, म्हणजे आपल्या लॉटला २०० खोकी. नमुना खरोखर यादृच्छिक हवा असेल तर वरची समोर दिसणारी चार खोकी फोडून भागत नाही. भिंतीकडची, तळाची खोकीही काढावी लागतात. या एका खेपेच्या श्रमाला आपण तपासलेल्या डब्यांच्या मापाने मोजू. एका खेपेला जितका वेळ जातो तितक्या वेळात किती डबे तपासून झाले असते, ही संख्या शोधावी. १ टक्क्याच्या मालाला दुहेरीत प्रत्येक लॉटमागे सरासरी ०.३८१ जादा खेपा पडतात आणि ११ डबे वाचतात. ११ ला ०.३८१ ने भागले की जवळजवळ २९ येतात. डबा पुसणे, दोन्ही टोके पाहणे, सीमवरून बोट फिरवणे आणि नोंद करणे याला दीड मिनिट लागत असेल, तर २९ डबे म्हणजे पाऊण तासाला थोडेच कमी. दुसरी खेप याहून स्वस्त असेल तर दुहेरी फायद्याची, महाग असेल तर एकेरी. माल अर्धा टक्का सदोष असेल तर हीच मर्यादा ८६ डब्यांपर्यंत, म्हणजे दोन तासांच्या पुढे जाते, आणि २ टक्क्यांना ती चार डब्यांच्याही आत, सहा मिनिटांखाली येते. जूनमध्ये ताडपत्र्या सोडून थप्पी उतरवण्याचे काम सहा मिनिटांत होत नाही हे सांगायला नको. तेव्हा २ टक्क्यांच्या मालाला आपली एकेरी योजना बरोबर आहे, आणि अर्ध्या टक्क्याच्या मालाला तीच योजना उगीच डबे मोजायला लावते.

यावर एक तोडगा आहे आणि शक्य असेल तिथे मी तोच सुचवतो. शंभरही डबे एकाच खेपेत काढावेत, यादृच्छिक क्रमांकाने त्यांचे दोन गट करावेत आणि दुसऱ्या गटावर चिठ्ठी लावून तो बाजूला ठेवावा. गरज पडली नाही तर ते ५० डबे न तपासता परत जातात. सीम कापून पाहण्याच्या चाचणीत तर याचा दुहेरी लाभ, कारण वेळेसोबत मालही वाचतो. अट एकच: गट आधी पडले पाहिजेत, पहिल्या गटाचा निकाल पाहून नव्हे. नाहीतर धडधाकट दिसणारे डबे हळूच दुसऱ्या गटात जमतात.

दुहेरी योजना बिघडते ती बहुधा इथेच, पहिल्या सदोष डब्यापाशी. एकेरीत एक पोचा सापडला तर तपासनिसाचे काम वाढत नाही. दुहेरीत तोच एक पोचा आणखी ५० डबे अंगावर आणतो, आणि मग सीमच्या कडेचा जेमतेम दिसणारा पोचा "चालेल" ठरतो. हे नोंदवहीवरून ओळखता येते. आपण १ टक्क्याच्या आसपास असाल तर पहिल्या नमुन्यांच्या शंभर नोंदींत सुमारे ६० शून्य, ३० एक आणि सात-आठ दोन दिसायला हवेत. वहीत ८० शून्य, ८ एक आणि ९ दोन असतील तर एकचे आकडे कुठे गेले हे विचारले पाहिजे. काही दिवस फार चांगला आणि काही दिवस फार वाईट माल आला तरी असे चित्र दिसू शकते, म्हणून आधी सीमिंग यंत्राच्या दिवसवार नोंदींशी ताडून पाहावे आणि मगच कोणावर बोट ठेवावे.

दुसऱ्या नमुन्याबद्दलची आपली तक्रार उष्मायन चाचणीला मात्र पूर्ण लागू पडते, पण तिथे कारण निकालाच्या उशिराचे असते. नमुन्याचे डबे उबदार पेटीत काही दिवस ठेवून त्यांतला फुगवटा किंवा आंबणे पाहायचे असते. तिथे पहिल्या नमुन्याचा निकाल लागेपर्यंत थांबून दुसरा ठेवायचा म्हटले तर लॉट तितकेच दिवस आणखी अडकतो, आणि दोन्ही एकदमच पेटीत ठेवले तर बचतीला काही अर्थच उरत नाही. त्या चाचणीला एकेरी योजनाच ठेवा. बाहेरून पाहण्याच्या आणि सीमच्या तपासणीसाठी, गेल्या हंगामातल्या आपल्या वहीवरून सदोष प्रमाण काढा आणि एका खेपेला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजा; वर दिलेला भागाकार करायला तेवढे दोन आकडे पुरतात.