पहिल्या वर्षाचे हप्ते गेले कुठे?

वासणा-भायली रोडवर फ्लॅट घेऊन वर्ष झालं, आणि माझा भाचा निखिल व सूनबाई मृणाल रिटर्न भरायच्या निमित्ताने बँकेचा व्याजाचा दाखला घेऊन आले. कर्ज ४० लाख, दर ९ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता ३५,९८९. एकही हप्ता चुकलेला नाही. वर्षात ४ लाख ३१ हजार भरले, आणि मुद्दल फिटलं फक्त ७४,९०८.

"मामा, यात काहीतरी घोळ आहे. साडेतीन लाख गेले कुठे?" मृणाल चांगलीच तापली होती.

माझी नोकरी कर्जखात्याच्या टेबलावर गेली. घोळ नव्हता. पहिल्या महिन्यात पूर्ण ४० लाख बाकी असतात, त्यांचं महिन्याचं व्याज ३०,०००. हप्त्यातून आधी ते वळतं होतं, उरलेले ५,९८९ मुद्दलात. पुढच्या महिन्यात बाकी तेवढीच घटते, म्हणून व्याज जेमतेम ४५ रुपयांनी उतरतं. या चालीने हप्त्यातला मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा व्हायला तेरावं वर्ष उजाडतं!

निखिल म्हणाला, हे कुणी सांगितलंच नाही. मी त्यांची फाइल मागवली. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा कर्जांना रिझर्व्ह बँकेच्या नियमाने मुख्य माहितीचं पत्रक द्यावंच लागतं, आणि त्यात महिनावार परतफेडीचा तक्ता असतो. तो होता, खाली दोघांच्या सह्याही होत्या. माझं स्पष्ट मत आहे, बँकेने फसवलं नाही, पण साठ सह्यांच्या गठ्ठ्यात तक्ता घालून सोडणं म्हणजे दाखवणं नव्हे. एजंटाने त्यांच्याशी फक्त हप्त्याचं बोलणं केलं. (आणि मॉड्युलर किचनचं.)

आता उपाय. मृणालच्या बोनसचे एक लाख मुदत ठेवीत जाणार होते. मी म्हटलं, कर्जात भरा. तरत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर आधी फेडीचा दंड नसतो. हप्ता तोच ठेवला तर उरलेले २२८ हप्ते २१४ वर येतात आणि दर बदलला नाही तर व्याजाचे सव्वाचार लाखांच्या आसपास वाचतात. तेच एक लाख भरून मुदत तशीच ठेवली, तर हप्ता ३५,०७२ होतो आणि व्याजातली बचत लाखाच्या थोडी वर, एवढीच. हाताशी सहा महिन्यांचा खर्च नसेल तर मात्र हे करू नये, कर्जात गेलेला पैसा अडीअडचणीला सहज परत मिळत नाही.

मुदत कमी करायची, हे शाखेत लेखी द्यायचं. आणि पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट उघडून बघायचं. हप्ता ३५,०७२ दिसला, तर त्यांनी मुदत तशीच ठेवली आहे. अर्जाची पोच घेऊन परत शाखेत जा.