लिंबू-सोड्याचा फॉरवर्ड आणि दिवाळीआधीची दातांची तपासणी

«दिवाळी आली की दातांचे दवाखाने ‘स्माइल चेकअप’चा गळ टाकतात. सावध राहा! मशीनने दात साफ केले की फटी पडतात, दात हलायला लागतात आणि मग दर सहा महिन्यांनी जावंच लागतं. एक्स-रेने कॅन्सर होतो. त्यापेक्षा अर्ध्या लिंबाच्या रसात चिमूटभर खायचा सोडा घाला, रोज पाच मिनिटं दातांवर चोळा. आठ दिवसांत मोत्यासारखे दात. आपल्या माणसांना नक्की पाठवा.»

पाठवलंय, भरपूर पाठवलंय. सुनेकडून सासूकडे, सासूकडून भिशीच्या ग्रुपवर, आणि तिथून ‘शनिवारची वेळ रद्द करा’ या ओळीसकट दवाखान्याच्या फोनवर. शेवटापासून सुरुवात करू, कारण खरं नुकसान तिथे आहे.

चिंच किंवा कैरी जास्त खाल्ली की दात आंबतात, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. आंबणं म्हणजे आम्लामुळे दाताला झिणझिण्या येणं. दातावरचं इनॅमल पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की विरघळायला लागतं आणि लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो. या मोजपट्टीवर एक अंक खाली म्हणजे दहापट आम्ल, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. ‘पण सोड्याने आम्ल मरतं ना?’ मरतं, पुरेसा सोडा घातला तर. हिशोब करून बघा. अर्ध्या कागदी लिंबातून दीड छोटा चमचा रस निघाला असं धरू. त्यात सुमारे अर्धा ग्रॅम सायट्रिक आम्ल असतं. ते पूर्ण शमवायला साधारण ०.६५ ग्रॅम सोडा लागतो आणि चिमटीत येतो जेमतेम पाव ग्रॅम. फेस छान येतो, काहीतरी जोरदार चाललंय असं वाटतं, पण फेस ओसरल्यावर वाटीत उरतं ते आम्लच. बरं, मोजून पुरेसा सोडा घातला तर आम्ल संपतं. मग लिंबू पिळायचं कशाला?

मग ‘माझे दात खरंच पांढरे झाले’ म्हणणाऱ्यांना काय दिसतं? दातावर सिमेंट चिकटावं म्हणून दवाखान्यात आम्हीही आम्ल लावतो. ३७ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल, मोजून १५ ते ३० सेकंद, फक्त जिथे सिमेंट बसणार तेवढ्याच जागी. पाण्याने धुऊन हवा मारली की ती जागा खडूसारखी पांढरी दिसते, कारण पृष्ठभाग खरबरीत झालेला असतो. आणि तो तसाच उघडा न सोडता लगेच वरून सिमेंट भरलं जातं. आठ दिवसांचे ‘मोती’ म्हणजे हीच खडूची छटा. फरक एवढाच की इथे वरून काही भरलेलं नसतं, शिवाय मऊ पडलेल्या थरावर पाच मिनिटं बोट किंवा ब्रश चालतो. इनॅमल पुन्हा उगवत नाही. ते पातळ झालं की आतलं डेंटिन दिसू लागतं आणि डेंटिनचा रंग पिवळा असतो. म्हणजे पांढरे करायला निघालेले दात हळूहळू आधीपेक्षा पिवळे दिसतात.

ज्यांनी सुरू केलंय त्यांनी आज थांबवा. शेवटचं चोळून झालं असेल तर साध्या पाण्याने चूळ भरा आणि पुढचा तासभर ब्रश लावू नका. रात्री फ्लोराइडच्या टूथपेस्टने हलक्या हाताने घासा, फेस थुंका, पण नंतर खळखळून चूळ भरू नका. आरशात तीन गोष्टी बघा: पुढच्या दातांची कड काचेसारखी आरपार दिसते का, दाताची चकाकी गेली का, आणि जुनं सिमेंट आजूबाजूच्या दातापेक्षा बेटासारखं वर आलंय का. तिसरी खूण दिसली तर झीज बरीच झाली आहे, कारण सिमेंट आम्लाला दाद देत नाही आणि दात देतो. नुसता खायचा सोडा मात्र एवढा वाईट नाही. तो मऊ असतो, चहाचे वरवरचे डाग थोडे काढतो, काही टूथपेस्टमध्ये असतोही. खलनायक लिंबू आहे.

आता फटी आणि हलणारे दात. इथे पाठवणाऱ्याने पाहिलेलं खरं आहे, लावलेलं कारण चुकीचं आहे.

खालच्या पुढच्या चार दातांच्या आतल्या बाजूला, जिभेकडे, जिभेचं टोक फिरवा. जिभेखाली लाळेच्या मोठ्या नळ्यांची तोंडं तिथेच उघडतात, म्हणून किटण सगळ्यात आधी तिथे जमतं. गालातल्या लाळग्रंथीची नळी वरच्या दाढांसमोर उघडते, म्हणून दुसरा साठा तिथे. न निघालेला मऊ थर लाळेतल्या क्षारांनी दोनेक आठवड्यांत दगड होतो आणि मग ब्रशला जुमानत नाही.

एक नमुना घेऊ. पन्नाशीच्या बाई, वीस वर्षं मिश्री, दात कधीच साफ केलेले नाहीत. खालचे चार दात आतून किटणाच्या एकसंध भिंतीने जोडलेले. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई हिरडी आणि दात यांच्या मधे हलकेच सरकवली की निरोगी ठिकाणी ती तीन मिलिमीटरपर्यंत जाते. इथे पाच-सहा जाते आणि रक्त येतं. याचा अर्थ दाताला धरून ठेवणारं हाड आधीच खाली गेलंय. किटण काढलं की भिंत गेली. दातांच्या मधे जिथे हिरडी असायला हवी होती तिथे ती नाही, म्हणून फट ‘पडली’. भिंतीच्या टेकूने उभा असलेला दात सुटा झाला, म्हणून ‘हलायला लागला’. पुढच्या आठवड्यात सूज उतरली की हिरडी आणखी थोडी आक्रसते आणि फट मोठी वाटते. मशीनचं टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं, पण ती थरथर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आतबाहेरची असते. टोकाची कड दाताला जवळजवळ समांतर धरायची असते आणि पाणी सतत चालू हवं. हेही कबूल करतो की टोक टोचून, जोर लावून, पाणी कमी ठेवून कुणी उरकलं तर मुळावर चरे पडतात. तो हाताचा दोष आहे.

अशा पेशंटला आधीच सांगायला हवं की फट दिसेल, थंड पाण्याने आठवडा-दोन आठवडे सणक येईल, गेलेलं हाड आपोआप परत येणार नाही, पण उरलेलं टिकवता येईल. हे न सांगता साफ केलं की घरी गेल्यावर हाच फॉरवर्ड जन्माला येतो. यात चूक दवाखान्याचीही आहे.

सहा महिन्यांच्या मुद्द्यावर अर्धं माप पदरात घालावंच लागेल. सरसकट प्रत्येकाने दर सहा महिन्यांनी सफाई करावी, याला आधार कच्चा आहे. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०१८ चा आढावा नेमका यावर आहे: दोन चाचण्या, १,७११ प्रौढ माणसं, दोन ते तीन वर्षं. हिरड्यांचा गंभीर आजार नसलेल्या आणि तपासणीला नियमित येणाऱ्यांमध्ये ठरावीक सहा किंवा बारा महिन्यांनी सफाई केली काय आणि न केली काय, हिरड्यांची सूज आणि रक्त येणं यांत जवळपास फरक पडला नाही. किटण तेवढं थोडं कमी राहिलं. म्हणून ‘सहा महिने झाले, या’ असा मेसेज सगळ्यांना एकगठ्ठा टाकणं चूक आहे. पण वरच्या नमुन्यातल्या बाई या आढाव्यात बसत नाहीत. त्यांना, तसंच साखर ताब्यात नसलेल्या मधुमेह्यांना आणि तंबाखूवाल्यांना, तीन-चार महिन्यांनी बोलवावं लागू शकतं. तारीख सळईच्या मापावरून ठरते, कॅलेंडरवरून नाही.

एक्स-रे: एका दाताच्या छोट्या डिजिटल एक्स-रेचा डोस साधारण एका दिवसात जमीन-हवेतून आपोआप मिळणाऱ्या किरणोत्साराएवढा किंवा त्याहून कमी असतो. तरीही प्रत्येक तपासणीत तो काढायचं कारण नाही. दोन दाढांच्या मधली कीड किंवा मुळाशी पू आहे अशी शंका असेल तर काढावा. कशासाठी काढताय, हे विचारायला संकोच नको.

आता ‘गळ’. काही जाहिराती तशा असतात, नाकारून उपयोग नाही. ‘एका बैठकीत हॉलिवूड स्माइल’ म्हणत शेजारी दोन फोटो. दुसऱ्या फोटोतली एक गोम सांगतो: ओठ ओढून दात काही मिनिटं कोरडे ठेवले की इनॅमलमधलं पाणी कमी होतं आणि कुठलाही दात पांढरट दिसतो. दुसऱ्या दिवसापर्यंत तो मूळ रंगावर येतो. फोटो खरा, रंग उसना. घाबरवणाऱ्या जाहिराती त्याहून वाईट. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार एकाच माणसात एकत्र दिसतात हे खरं, पण दात साफ केल्याने हार्टअटॅक टळतो हे सिद्ध झालेलं नाही. तसं छापणाऱ्याकडे जाऊच नका.

दिवाळीआधीच्या तपासणीच्या पत्रकात काय असावं? आमच्या मते एवढं पुरतं:

«दिवाळीआधी दात दाखवून घ्यायचे असतील तर वसुबारसेच्या तीन आठवडे आधी या. तपासणीला वीस मिनिटं लागतात. दात, हिरड्या, जीभ आणि गालाची आतली बाजू पाहू आणि जे दिसेल ते आरशात तुम्हालाही दाखवू. एक्स-रे लागला तर आधी कारण आणि खर्च सांगू. सफाईने किटण आणि चहा-पान-मिश्रीचे डाग निघतात, दाताचा मूळ रंग बदलत नाही. पाण्यातल्या फ्लोराइडमुळे आलेले तपकिरी डाग सफाईने जात नाहीत. ब्लीचिंग हवं असेल तर आधी कीड भरावी लागेल. त्याने काही दिवस सणक येऊ शकते, आणि कॅप किंवा सिमेंटचा रंग बदलत नाही. उपचार त्याच दिवशी सुरू करण्याची सक्ती नाही. काही सापडलं नाही तर तसं लिहून देऊ.»

शेवटचं वाक्य सर्वांत कमी छापलं जातं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरच्या पाण्यावर वाढलेल्यांसाठी फ्लोराइडचं वाक्य गाळू नये, नाहीतर ते सफाईचे पैसे देतात आणि डाग जागच्या जागी पाहून फसल्यासारखं वाटून घेतात. आणि गालाची आतली बाजू बघणं म्हणजे भीती घालणं नव्हे. दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल तर तज्ज्ञाला दाखवायला सांगायचं, एवढंच.

तीन आठवडे अशासाठी की कीड खोल निघाली तर रूट कॅनॉलला दोन-तीन खेपा लागू शकतात आणि लॅबमधून कॅप यायला साधारण आठवडा जातो. घरी ट्रे घालून करायच्या ब्लीचिंगलाही दोनेक आठवडे लागतात. धनत्रयोदशीला ठणकत्या दाढेसह आलात तर ठणका थांबवता येईल, पण बहुतेकदा वर तात्पुरतं सिमेंट भरूनच घरी पाठवावं लागेल. मग भाऊबीजेपर्यंत चकली, कडबोळी आणि कडक शंकरपाळी दुसऱ्या बाजूने चावा.