आठशेचे सातशे वीस

नकार कळवणं सोपं असतं. ‘क्षमस्व, नियमात बसत नाही’ एवढं लिहून मोकळं होता येतं; समोरचा चिडला तरी त्याला निदान काय झालं ते कळतं. खरी कसोटी ‘पैसे परत देतोय’ हे कळवताना लागते. आनंदाची बातमी द्यावी आणि समोरच्याने उलटतपासणी घ्यावी, असं फक्त याच मेलच्या बाबतीत होतं.

परवाचंच घ्या. एका बाईंनी दोन वस्तू घेतल्या होत्या, एक १,२०० ची, दुसरी ८०० ची. दोन हजारांवर दहा टक्क्यांचं कुपन लावलं, पोचवण्याचे ६० धरले, आणि कार्डावरून १,८६० भरले. आठशेवाली वस्तू पसंत पडली नाही म्हणून परत आली. परतावा मंजूर. तो कळवायचं काम माझं.

साहेबांनी मसुदा तयारच ठेवला होता : ‘आपली विनंती मान्य करण्यात आली असून योग्य ती रक्कम यथावकाश आपल्या खात्यात वर्ग करण्यात येईल.’ वाचताना उठून उभं राहावंसं वाटतं. पण रक्कम किती, कुठल्या खात्यात आणि कधी, यातलं काहीही न सांगता इतकं लांब वाक्य लिहायला खरोखर प्रतिभा लागते.

रक्कम ‘योग्य ती’च होती, पण प्रत्येकाच्या मते वेगळी. बाईंच्या मनात ८००. हिशेब विभागाच्या मनात ७२०, कारण कुपनचे २०० दोन्ही वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात वाटले तर या वस्तूच्या वाट्याला ८० येतात. पोचवण्याचे ६० आमच्या नियमाप्रमाणे परत मिळत नाहीत, कारण माणूस वस्तू घेऊन गेला होता हे खरंच आहे. हिशेब चोख आहे. पण नुसतं ‘७२०’ लिहिलं की उत्तर ठरलेलं : ‘माझे ८० कुठे गेले?’ म्हणून वजाबाकी मेलमध्येच करून दाखवावी लागते. हिशेब विभागाला हे आवडत नाही. त्यांच्या मते वजाबाकी ही खासगी बाब आहे.

मग पैसे जाणार कुठे? ज्या कार्डावरून आले त्याच कार्डावर. दुसऱ्याच कार्डावर परतावा देणं हा फसवणुकीचा जुना रस्ता आहे, म्हणून तो बंद. मेलमध्ये कार्डाचे शेवटचे चार आकडेच द्यायचे. पूर्ण नंबर लिहायचा नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

खरा घोळ तारखेचा. इथे दोन घड्याळं असतात आणि लोकांना एकच दिसतं. आम्ही पैसे पाठवतो ती एक तारीख. बँक ते खात्यावर दाखवते ती दुसरी, आणि तिला साधारण पाच ते दहा कामकाजाचे दिवस लागतात. पहिली आमच्या हातात, दुसरी नाही. ‘दहा दिवसांत’ लिहिलं की लोक शनिवार-रविवारही मोजतात, अकराव्या दिवशी चिडतात, आणि काही जण बँकेत व्यवहारावर हरकत नोंदवतात. मग परतावाही पोचतो, हरकतीचे पैसेही पोचतात, आणि ते दोनदा गेलेले पैसे सोडवायला हिशेब विभाग माझ्या टेबलाशी येऊन उभा राहतो. त्यापेक्षा सोमवारी ३ तारखेला पाठवले तर दहावा कामकाजाचा दिवस १७ ला येतो, हे आपणच मोजून द्यावं.

शेवटी पाठवलेली मेल अशी :

‘आपला ७२० चा परतावा मंजूर झाला आहे (वस्तूची किंमत ८००, त्यातून कुपनचा वाटा ८० वजा, पोचवण्याचे ६० परत होत नाहीत). ही रक्कम ४४१७ ने संपणाऱ्या कार्डावर आम्ही आज, ३ तारखेला पाठवली आहे. मध्ये बँकेची सुट्टी नसेल तर ती १० ते १७ तारखेदरम्यान खात्यावर दिसेल. १७ नंतरही न दिसल्यास आम्हाला कळवा. आम्ही एआरएन क्रमांक देऊ, तो सांगितल्यावर बँक रक्कम शोधू शकते.’

एआरएन म्हणजे तेवीस आकड्यांचा क्रमांक. तो आधीच मेलमध्ये टाकू नये असं माझं मत आहे, कारण लोक तो फोन नंबर समजून लावून बघतात.

कायदा विभागाला खाली ‘विलंबास आम्ही जबाबदार नाही’ हवं होतं. मी म्हटलं, तारीख देऊन लगेच हात झटकले तर तारीख कशाला दिली? ते विचारात पडले. तेवढ्यात मी मेल पाठवून टाकली.

बाईंचं उत्तर लगेच आलं. रक्कम मान्य, तारीख मान्य, आभारही मानले होते. फक्त ४४१७ हे कार्ड त्यांच्या भावाचं निघालं. वस्तू त्यानेच भेट दिली होती, आणि ती परत केल्याचं त्याला कळू द्यायचं नव्हतं. पैसे दुसरीकडे वळवता येतील का?

येणार नाहीत. ७२०, तेच कार्ड, तीच तारीख. भावाला काय सांगायचं हे मात्र आमच्या विभागाकडे येत नाही.