क्लेमचं पत्र अजिबात वाचू नका

मेडिक्लेमचं सेटलमेंट लेटर आलं की शेवटचा आकडा बघायचा, काळारामाला हात जोडायचे आणि पीडीएफ बंद करायची. कपातीचा तक्ता उघडायचा नाही, बीपी वाढतं आणि त्याचा क्लेम परत वेगळा.

ग्लोव्हज, गाऊन, फाईलचे पैसे कापले? सोडून द्या, त्यावर भांडून कोणाचं भलं झालंय.

"प्रपोर्शनेट डिडक्शन" लिहिलेलं दिसलं तर लगेच मान डोलवायची. अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालं, गंगापूर रोडला. पॉलिसी 3 लाखांची, रूमची मर्यादा 1 टक्का म्हणजे रोजचे 3,000. स्वस्तातल्या रूम फुल, मग 5,000 वाली घेतली, चार दिवस. आपल्याला वाटतं वरचे दोन हजार रोजचे खिशातून दिले की विषय संपला. कसला संपतोय! 3,000 भागिले 5,000 म्हणजे 60 टक्के, आणि मग सर्जन, भूल, ओटी, नर्सिंग सगळ्याचेच 60 टक्के मिळतात. बिल 1,35,000. रूमचे 8,000 गेले, डॉक्टर-ओटीच्या 60,000 मधले 24,000 गेले, किरकोळ वस्तूंचे 5,000 गेले. बरं बाबा, पॉलिसीत लिहिलंय, गेले.

पण हातात आले 78,000. माझ्या हिशोबाने 98,000 यायला हवे होते. हे 20,000 कुठे गेले तर औषधं, हर्नियाची जाळी आणि तपासण्या मिळून 50,000 होते, त्यातलेही 40 टक्के कापलेत! अहो ती जाळी जनरल वॉर्डातल्या पेशंटला लावा नाहीतर डिलक्समधल्या, किंमत तीच ना? औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांच्यावर ही कपात लावता येत नाही, आयसीयूच्या चार्जेसवरही नाही, हे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या आयआरडीएआयनेच सांगून ठेवलंय. आणि ज्या हॉस्पिटलात रूमप्रमाणे दर बदलतच नाहीत तिथे डॉक्टरच्या फीवरही नाही. म्हणून हॉस्पिटलकडून रेटकार्ड मागून घ्या.

मागू नका म्हणायचं होतं, सवय सुटत नाही.

एजंटला फोन करा, तो प्रीमियमच्या वेळी उचलतो.

कस्टमर केअरच्या ताईंनी शांतपणे सांगितलं, "सर, सिस्टिमने कापलंय." सिस्टिम काय आकाशातून पडली का? टक्केवारी लावायची कुठे आणि नाही कुठे हे त्यात तुमच्याच माणसाने भरलंय ना? "ॲज पर पॉलिसी टर्म्स" एवढंच लिहून पत्र पाठवता, कलम कुठलं ते लिहायला काय होतं? प्रत्येक कपातीपुढे कलम नंबर लेखी द्या, नाहीतर पैसे द्या. मी ग्रीव्हन्स सेलला मेल टाकलाय, 30 दिवसांत धड उत्तर नाही आलं तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाणार, तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. आणि तुम्ही वाचणारे, तुमचं मागचं पत्र कपाटात पडलं असेल ना, काढा आधी बाहेर, कंपनीने तक्रार फेटाळली की एक वर्षाच्या आत लोकपालाकडे जावं लागतं.